नव्या घराला पंचायतीचा नंबर आणि दारावरची पाटी : बेळगाव भागातल्या गावांसाठी अर्जाची वाट

येळ्ळूर, हिंडलगा, उचगाव, कडोली अशा गावांत नवं घर उभं राहिलं की एक काम बहुतेक वेळा मागे राहतं. गवंडी जातो, रंगारी जातो, वास्तुशांत होते आणि मग हेस्कॉमचा कायमचा मीटर, पोस्टाचा पत्ता किंवा मतदार यादीतलं नाव यांपैकी काहीतरी अडतं. तेव्हा कळतं की घराला पंचायतीचा नंबर नाही. हा लेख ग्रामपंचायत हद्दीतल्या अशा घरासाठी आहे. घर महानगरपालिका, नगरपालिका किंवा पट्टण पंचायतीच्या हद्दीत असेल तर तिथली नोंद ई-आस्ती या वेगळ्या व्यवस्थेत होते. म्हणून सर्वात आधी, जागेचा कर तुम्ही कोणाकडे भरता ती पावती पाहा. वरती ज्या संस्थेचं नाव आहे, अर्ज तिलाच द्यायचा. शहराला लागून असलेल्या वसाहतींत हद्दीचा घोळ पुष्कळदा होतो आणि चुकीच्या कचेरीत दिलेला अर्ज पुढे सरकत नाही.

नंबर येतो तो उताऱ्यातून

बहुतेक जण ‘घराला नंबर द्यावा’ एवढ्या एका ओळीचा अर्ज देतात. कारकून तो ठेवून घेतो आणि पुढे काही होत नाही. कारण साधं आहे. पंचायत नंबर देते तो तिच्या नोंदवहीतल्या मालमत्तेला, आणि ही नोंदवही २०१३ पासून ई-स्वत्तु या संगणकीय व्यवस्थेत आहे. तिथून निघणारे दोन कागद म्हणजे नमुना ९ आणि नमुना ११-अ. आपल्याकडे दोन्हींना मिळून ‘कंप्युटर उतारा’ म्हणतात. नमुना ९ मध्ये मालमत्ता कोणाची, केवढी आणि कुठे हे असतं. नमुना ११-अ मध्ये कराची मागणी, वसुली आणि बाकी असते.

तुमच्या जागेचा उतारा आधीच असेल तर तिला मालमत्ता क्रमांकही असतोच. फक्त त्या उताऱ्यावर ती अजून मोकळी जागा म्हणून लिहिलेली असते. ती नोंद बदलून इमारत झाली, बांधकामाचं क्षेत्रफळ चढलं आणि घरपट्टी बसली, की मग घर नंबर हक्काने मागता येतो. म्हणून अर्जात तीन गोष्टी एकत्र मागाव्यात : इमारतीची नोंद, घरपट्टीची आकारणी आणि घर क्रमांकासह नंबरपट्टी. यातली पहिली झाली की बाकीच्या दोन तिच्यामागे येतात.

अर्जाआधी उतारा घेऊन बसा

उतारा कन्नडमध्ये असतो आणि वाचता येत नाही म्हणून पुष्कळ घरांत तो पिशवीतून बाहेरच निघत नाही. खरं तर कामापुरता तो कळायला फार वेळ लागत नाही. घरात किंवा शेजारी कन्नड शाळेत शिकलेलं मूल असेलच, त्याला शेजारी बसवा. ‘निवेशन’ म्हणजे प्लॉट, ‘खाली निवेशन’ म्हणजे मोकळा प्लॉट, ‘कट्टड’ म्हणजे इमारत, ‘मने’ म्हणजे घर, ‘मालीकर हेसरु’ म्हणजे मालकाचं नाव. पूर्व, पश्चिम, उत्तर, दक्षिण हे शब्द दोन्ही भाषांत तेच आहेत, त्यामुळे चतुःसीमा कुणीही ताडून पाहू शकतो.

एक उदाहरण धरून चालू. नावं आणि आकडे समजण्यापुरते आहेत. कल्लाप्पा परशराम पाटील यांनी गावठाणातल्या वाढीव भागात प्लॉट घेतला. पूर्व-पश्चिम ३० फूट, दक्षिणोत्तर ४० फूट, म्हणजे १२०० चौरस फूट, मीटरमध्ये १११.४८ चौरस मीटर. पंचायतीचा बांधकाम परवाना घेऊन त्यांनी २४ बाय ३० फुटांचं तळमजल्याचं घर बांधलं. ते ७२० चौरस फूट, म्हणजे ६६.८९ चौरस मीटर. आता उताऱ्यात चार गोष्टी पाहायच्या : मालकाचं नाव, प्लॉटची मापं, चारही बाजूंना कोण आहे आणि कराची बाकी.

मापांत सर्रास होणारी चूक म्हणजे दिशा उलटणं. पूर्व-पश्चिम ४० आणि दक्षिणोत्तर ३० असं चढलं तर क्षेत्रफळ तेच १२०० येतं, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. पण खरेदीखतात उलट असतं आणि पुढे बँकेत किंवा विक्रीच्या वेळी वकील नेमकं तेच दाखवतो. खरेदीखत आणि उतारा शेजारी शेजारी ठेवून प्रत्येक दिशेवर बोट ठेवत वाचा. चूक असेल तर ती दुरुस्ती याच अर्जात मागा. इमारत चढवताना पाहणी होणारच असते, त्याच फेरीत मापंही पुन्हा घेता येतात.

चतुःसीमेतही जुनं नाव राहिलेलं असतं. पूर्वेकडचा प्लॉट शेजाऱ्याने विकला असेल तर उताऱ्यावर जुन्याच मालकाचं नाव दिसतं. यात घाबरण्यासारखं काही नाही. अर्जात ‘पूर्वी अमुक, सध्या तमुक’ असं दोन्ही लिहावं.

नाव एकसारखं करून घ्या

सीमाभागात सर्वात जास्त अर्ज इथे अडकतात, म्हणून जरा थांबून सांगतो. आपल्या माणसाचं नाव मराठी शाळेच्या दाखल्यात एक, आधारवर इंग्रजीतून दुसरं आणि पंचायतीत कन्नडमधून तिसरं असतं. वरच्या उदाहरणातलं कल्लाप्पा हे नाव कुठे ‘कल्लप्पा’ होतं, परशरामचं ‘परशुराम’ होतं. वडिलांच्या नावाऐवजी कुठे नुसतं ‘क. प. पाटील’ येतं. आडनावाच्या जागी गावाचं नाव लागलेलीही पुष्कळ माणसं आहेत. संगणकावर नोंद करणाऱ्यासमोर आधार आणि उतारा हे दोनच कागद असतात आणि ते जुळले नाहीत तर तो फाईल बाजूला ठेवतो. त्याचा दोष नाही. डिजिटल सही झाल्यावर चूक निघाली तर जाब त्यालाच द्यावा लागतो.

जमिनीच्या कागदात जे नाव आहे, म्हणजे नोंदणी झालेल्या खरेदीखतात, बक्षीसपत्रात किंवा वाटणीपत्रात, ते मुख्य धरा. आधारमध्ये किरकोळ फरक असेल तर आधार दुरुस्त करून घेणं सोपं पडतं. मोठा फरक असेल, तर ‘ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत’ असं प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून अर्जाला जोडतात. आधार दुरुस्तीचं काम अर्जाच्या आधी आटपा, अर्ज दिल्यावर नको. गावाच्या पत्त्याचंही तसंच. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदांत इंग्रजी स्पेलिंग बदलून ‘बेळगावी’ झालं, त्याआधीच्या खरेदीखतांत ‘बेळगाम’ आहे. एवढ्या फरकाने फाईल अडत नाही, पण नव्या अर्जावर आजचंच अधिकृत नाव टाकावं.

जागा अजून वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर असेल, तर आधी वारसा नोंद किंवा वाटणीची नोंद व्हायला हवी. बाप गेला, भाऊ तिघे, एकाने आपल्या वाट्यावर घर बांधलं आणि नंबर आपल्या एकट्याच्या नावे मागितला, तर पंचायत तो देत नाही आणि देऊही नये. उरलेले भाऊ हरकत घेतात आणि घरापेक्षा भांडण मोठं होतं. वाटणीपत्र नोंदवून घ्या, उतारे वेगळे करून घ्या, मग हा अर्ज द्या.

जोडायचे कागद

सध्याचा नमुना ९ आणि ११-अ, जागेच्या मालकीचा नोंदणीकृत दस्त, पंचायतीचा बांधकाम परवाना आणि मंजूर नकाशा, चालू आर्थिक वर्षाची कराची पावती, आधार आणि घराचे दोन फोटो, एक समोरून आणि एक रस्त्यासह. बांधकामासाठी घेतलेल्या तात्पुरत्या विजेचं हेस्कॉमचं बिल असेल तर तेही लावा. त्यावर आर.आर. नंबर असतो आणि घर खरोखर उभं आहे याला त्याने आधार मिळतो. काही पंचायती उपनिबंधक कचेरीतून मिळणारा बोजा दाखलाही मागतात. त्याला सगळे ‘ई.सी.’ म्हणतात आणि तो कावेरी पोर्टलवरून काढता येतो.

झेरॉक्सवर स्वतःची सही करा आणि मूळ कागद फक्त दाखवायला न्या. मूळ खरेदीखत पंचायतीत ठेवून येऊ नका, कुणी कितीही ओळखीचा असला तरी.

बांधकाम परवाना नसेल तर? आपल्या भागात असं पुष्कळ घरांचं आहे. जुनं कौलारू घर पाडून त्याच जागी नवं बांधताना परवान्याची आठवण कुणाला राहत नाही. कर्नाटकच्या १९९३ च्या पंचायत राज कायद्यात ग्रामपंचायतीची परवानगी घेऊनच बांधावं असं आहे. अशा वेळी लपवाछपवी न करता अर्जातच ‘जुन्या घराच्या जागी पुनर्बांधणी केली आहे, परवाना नियमित करून नोंद करावी’ असं लिहावं आणि पंचायत विकास अधिकारी म्हणजे पीडीओ जे शुल्क किंवा दंड सांगतील त्याची पावती घ्यावी. पावतीशिवाय एक रुपयाही देऊ नये.

शेतजमिनीत गुंठ्यांनी प्लॉट घेऊन बांधलेल्या घराची गोष्ट वेगळी आहे. जमीन बिगरशेती झाली नसेल, म्हणजे १९६४ च्या भूमहसूल कायद्याच्या ९५ व्या कलमाखालचा आदेश नसेल, तर ११-अ मिळत नाही. अशा मालमत्तांसाठी नमुना ११-ब असतो. त्यावर कर भरता येतो आणि नोंद राहते, पण त्याला लेआउटची मंजुरी समजू नका. एवढंच कशाला, साध्या घर नंबरानेही मालकी सिद्ध होत नाही. मालकी ठरते ती जमिनीच्या दस्तांवरून.

अर्ज कसा लिहावा

पंचायतीचं कामकाज कन्नडमध्ये चालतं. माझं मत असं की मूळ अर्ज कन्नडमध्ये द्यावा आणि त्याच्या पाठीमागे मराठी प्रत जोडावी. मराठीत अर्ज देण्यात गैर काहीच नाही, पण फाईल ज्यांच्या हातून जाते त्या प्रत्येकाला तो वाचता यायला हवा, आणि आपलं काम आधी व्हायला हवं. तहसील कचेरीबाहेरचे टायपिस्ट कन्नड टायपिंग करून देतात, मात्र त्यांना मजकूर तुम्हीच द्या. तयार छापील नमुन्यात ते दुसऱ्याच कुणाचे आकडे ठेवून देतात. मराठी मजकूर साधारण असा :

> प्रति,
> पंचायत विकास अधिकारी,
> ग्रामपंचायत ________, ता. ________, जि. बेळगावी.
>
> विषय : नव्या घराची नोंद, घरपट्टी आकारणी आणि घर क्रमांक मिळणेबाबत.
>
> महोदय,
> मी कल्लाप्पा परशराम पाटील, रा. ________. माझ्या मालकीची जागा ग्रामपंचायत मालमत्ता क्र. ________ (जुना क्र. ________) या उताऱ्यावर मोकळी जागा म्हणून नोंद आहे. जागेचे माप पूर्व-पश्चिम ३० फूट, दक्षिणोत्तर ४० फूट. चतुःसीमा : पूर्वेस ____, पश्चिमेस ____, उत्तरेस ____, दक्षिणेस रस्ता.
>
> बांधकाम परवाना क्र. ____, दि. ____ प्रमाणे मी येथे २४ बाय ३० फूट, एकूण ७२० चौ. फूट तळमजल्याचे आर.सी.सी. घर बांधले असून ते राहण्यासाठी वापरात आहे. तरी जागेची पाहणी करून (१) उताऱ्यावर इमारतीची नोंद करावी, (२) घरपट्टी आकारावी, (३) घर क्रमांक देऊन नंबरपट्टी द्यावी व सुधारित नमुना ९ व ११-अ द्यावेत, ही विनंती.
>
> आपला विश्वासू, (सही) मोबाईल : ________
> जोडलेले कागद : (यादी)

जुना आणि नवा असे दोन्ही क्रमांक लिहायला विसरू नका. गावातल्या वहीत अजून जुन्याच नंबराने घरं ओळखली जातात आणि वाटणी झालेल्या घरांचे ‘३१२/१’, ‘३१२/अ’ असे तुकडे पडलेले असतात. तुमच्या घराला चुकून भावाचा तुकडा चिकटला तर पुढे त्याचीही बाकी तुमच्या नावावर दिसायला लागते.

पोच, पाहणी आणि वाट पाहणं

अर्जाच्या दोन प्रती न्या. दुसऱ्या प्रतीवर पंचायतीचा शिक्का, तारीख आणि इन्वर्ड नंबर घ्या. पीडीओ साहेब किंवा मॅडम तालुक्याला मीटिंगला गेले असतील तरी आवक नोंदवायला कारकून पुरे असतो. ‘ठेवून जावा, बघतो’ असं म्हटलं तर शांतपणे सांगा, “सर, पोच तेवढी द्या, मग मी जातो.” ठरलेल्या मुदतीत सरकारी सेवा मिळण्याची हमी देणाऱ्या सकाल योजनेखाली अर्ज नोंदला गेला तर जी.एस.सी. नंबर असलेली पावती मिळते. या नंबराने अर्ज कुठे आहे ते पाहता येतं आणि ठरलेली मुदत कधी संपते तेही कळतं. सकाल कायदा २०११ चा आहे. पंचायतीतल्या बापूजी सेवा केंद्रात याची विचारणा करा.

त्यानंतर सचिव किंवा बिल कलेक्टर पाहणीला येतात. त्या दिवशी घरी कुणीतरी जाणतं माणूस असावं, टेप असावी आणि प्लॉटचे कोपरे मोकळे असावेत. वाळू, जळण किंवा जनावरांची दावण कोपऱ्यावर असेल तर अंदाजाने माप घेतलं जातं, आणि तो अंदाज कागदावर कायमचा बसतो. माप घेताना शेजारी उभे राहा आणि त्यांनी काय लिहिलं ते आपल्या वहीत टिपून घ्या. पायऱ्या आणि रस्त्याकडे आलेला सज्जा मोजला की नाही हेही विचारा.

घरपट्टी ठरताना घर कशाचं आहे आणि कशासाठी वापरतात हे लागतं. समोरच्या खोलीत दुकान असेल तर तेवढा भाग व्यापारी म्हणून चढतो. ते खरं असेल तर तसंच चढू द्यावं. पण भविष्यात दुकान काढायचं मनात आहे, एवढ्यावरून आज व्यापारी नोंद करून घेऊ नका.

नवा उतारा हातात आल्यावर

पीडीओंची डिजिटल सही झाली की सुधारित उतारा निघतो. तो खिडकीवरच उभं राहून वाचा. ‘खाली निवेशन’ जाऊन इमारत आली का, ७२० चौरस फुटांच्या जागी चौरस मीटरमध्ये ६६.८९ च्या आसपास आकडा आहे का, चतुःसीमा जुळतात का ते पाहा. ७२० हाच आकडा मीटरच्या रकान्यात बसलेला असेल तर घर कागदावर दहापटीहून मोठं झालं आणि घरपट्टीही त्याच हिशेबाने येईल. अशी चूक त्याच दिवशी सांगितली तर लवकर सुटते.

घर क्रमांक कन्नड आकड्यांत हाताने लिहून दिला असेल तर तो तिथल्या तिथे इंग्रजी आकड्यांत लिहून घ्या. कन्नडमधले ३, ६ आणि ९ सवय नसलेल्या डोळ्याला सारखेच दिसतात. पाटी रंगवणाऱ्याने ३ चा ६ केला की टपाल दुसऱ्याच गल्लीत जातं.

पाटीचं काय

इथे दोन पाट्या आहेत. नंबरपट्टी पंचायतीची, नावाची पाटी तुमची. काही पंचायती पत्र्याची नंबरपट्टी स्वतः बसवतात, काही फक्त क्रमांक कळवतात आणि तुम्ही तो रंगवून घेता. पंचायतीच्या नावाने दारोदार फिरून पट्ट्या विकणारं कुणी आलं तर पंचायतीची छापील पावती मागा. पावती नसेल तर पट्टी घेऊ नका.

दारावर आधीपासून असलेले इतर आकडे घर नंबर समजू नका. जनगणनेचे आकडे, पोलिओच्या खुणा, २०२५ च्या सामाजिक-शैक्षणिक सर्वेक्षणाचं स्टिकर, मीटरवरचा आर.आर. नंबर, यांतला एकही पंचायतीचा क्रमांक नाही. तरी लोक पत्त्यात तेच लिहून बसतात.

नावाची पाटी मराठीत लावता येते का, हा प्रश्न इथे प्रत्येक जण विचारतो. हो, राहत्या घराची नावपाटी मराठीत लावता येते. फलकावर ६० टक्के कन्नड हवं ही २०२४ ची दुरुस्ती दुकानं, दवाखाने, हॉटेलं, संस्था अशांच्या फलकांसाठी आहे. घराच्या पुढच्या खोलीत शिवणकाम किंवा दवाखाना असेल तर त्या फलकाला ती लागू होते आणि त्याचा व्यवसाय परवानाही वेगळा घ्यावा लागतो. घराच्या पाटीवर मी एवढंच सुचवेन की नाव मराठीत ठेवा आणि खाली घर नंबर इंग्रजी आकड्यांत, मोठा, रस्त्यावरून वाचता येईल असा. पोस्टमन, गॅसवाला, रात्री-अपरात्री येणारी ॲम्ब्युलन्स, सगळ्यांना तो वाचता आला पाहिजे. फाटकाला लावली तर पाटी झाडामागे जाते, म्हणून ती खांबावर किंवा दाराच्या चौकटीशेजारी लावा.

काम अडलं तर

पहिल्यांदा पीडीओंनाच भेटा, पोच घेऊन. तोंडी ‘करतो’वर थांबू नका, काय कमी आहे ते अर्जाच्या प्रतीवर लिहून मागा. तरी हललं नाही तर तालुका पंचायतीच्या कार्यनिर्वाहक अधिकाऱ्यांना लेखी तक्रार द्या, आणि त्यापुढे बेळगावच्या जिल्हा पंचायतीच्या सीईओंना. गाऱ्हाण्याचं निवेदन राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देता येतं, असं राज्यघटनेच्या ३५० व्या कलमात आहे. म्हणजे ही तक्रार मराठीत दिली तरी ती घ्यायलाच हवी. फाईल नेमकी कुणाच्या टेबलावर आहे हे जाणून घ्यायचं असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत करता येतो आणि उत्तराची मुदत ३० दिवस आहे. मात्र त्या कायद्यात इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा एवढंच नमूद आहे, म्हणून तो अर्ज कन्नडमध्ये द्यावा.

नंबर मिळाल्यावर लगेच

नव्या उताऱ्याची प्रत घेऊन आधी हेस्कॉममध्ये कायमच्या जोडणीचा अर्ज द्या, कारण तात्पुरत्या मीटरचा दर जास्त पडतो. मग नळजोडणी, आधारवरचा पत्ता, रेशनकार्ड आणि मतदार यादीसाठी फॉर्म ८. घरातल्या सगळ्यांचा पत्ता एकाच पद्धतीने लिहिला जाईल याकडे लक्ष द्या : आधी घर नंबर, मग गल्ली, गाव, पोस्ट, तालुका. एकाने ‘चव्हाट गल्ली’ आणि दुसऱ्याने ‘मारुती मंदिरामागे’ असं लिहिलं की रेशनकार्डावर एकाच घराची दोन घरं दिसायला लागतात. घरपट्टीची नवी पावती दरवर्षी १ एप्रिलनंतर काढून याच फाईलमध्ये ठेवत जा, कारण पुढच्या प्रत्येक अर्जाला चालू वर्षाचीच पावती मागतात.